बाळाच्या तोंडातली चोखणी आणि हातातली बाटली फोटोतून काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आमचं जुने फोटो दुरुस्त करण्याचं छोटं दुकान आहे. फाटलेले, डागाळलेले, बुरशी आलेले फोटो येतातच, पण हल्ली एक विनंती पुन्हा पुन्हा येते: "फोटो छान आहे हो, फक्त बाळाच्या तोंडातली ती चोखणी काढून द्या." कुणी तिला पॅसिफायर म्हणतं, कुणी निपल. फोनवर प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे लिहून ठेवलं आहे. खाली एका फोटोचं काम सविस्तर सांगितलं आहे, ते त्या घरच्यांना विचारून आणि नावं न देता.

चोखणी पुसली की मागचे ओठ दिसतील ना?

नाही. फोटोत चोखणीच्या मागे काहीच नसतं. कॅमेऱ्याने जे पाहिलं नाही ते कागदावर उतरलेलं नाही, त्यामुळे ते खरवडून बाहेर काढता येत नाही. हे बहुतेकांना पटतं. पुढची गोष्ट मात्र लवकर लक्षात येत नाही: चोखणी ओठ नुसते झाकत नाही, ती तोंडाचा आकारच बदलते.

घरात लहान मूल असेल तर एकदा निरखून बघा. चोखताना दोन्ही ओठ बाहेरच्या बाजूला उलटे वळलेले असतात, खालचा जबडा थोडा खाली उतरलेला असतो, हनुवटीचं टोक घट्ट होतं आणि गालांत ओढ येते. आता चोखणी हळूच काढा. क्षणभर तोंड तसंच राहतं, मग ओठ आत वळतात, जबडा वर येतो आणि सगळा चेहरा किंचित आखूड होतो. म्हणजे आम्हाला नुसते ओठ काढून भागत नाही. हनुवटी, ओठांच्या कडेचे गाल, नाकाखालची पन्हळ, सगळं नव्याने बसवावं लागतं. घरी मोबाईलवर केलेलं काम इथेच फसतं. चोखणीच्या जागी ओठ येतात, पण जबडा अजून चोखतच असतो, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकत राहतं.

मग ओठ आणता कुठून?

त्याच बाळाच्या दुसऱ्या फोटोतून. सगळ्यात उत्तम म्हणजे त्याच दिवशी, त्याच जागी, त्याच कॅमेऱ्याने काढलेला पुढचा-मागचा फोटो. उजेड तोच, वय तेच, कपडे तेच. तो नसेल तर आसपासच्या दिवसांतला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एका महिन्यापेक्षा जास्त अंतर शक्यतो नको, कारण या वयात गाल आणि हनुवटी फार भराभर बदलतात. बारशाचा फोटो बोरन्हाणाच्या फोटोला उपयोगी पडत नाही, बाळ तेच असलं तरी.

फोटो रोलवरचा असेल तर आधी नेगेटिव्ह शोधा. अल्बममध्ये आपण चांगलेच फोटो लावतो. रडणारे, हललेले, डोळे मिटलेले फोटो पाकिटातच राहतात किंवा त्यांची प्रिंट कधी काढलेलीच नसते. आमच्या कामाला नेमके तेच लागतात, कारण रडणाऱ्या बाळाच्या तोंडात चोखणी नसते.

नेगेटिव्ह सापडल्या, पण एकमेकींना चिकटल्या आहेत. काय करू?

ओढू नका. मुंबईच्या हवेत तीस पावसाळे काढलेल्या नेगेटिव्ह चिकटतातच, त्यांच्यावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागेही येतात. जोर लावून सोडवल्या तर रंगाचा थर निघून येतो, आणि तो निघाला की मग इलाज नाही. पाकीट आहे तसं घेऊन या. फडक्याने पुसू नका, फुंकर घालू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका.

एखादं काम सुरुवातीपासून सांगाल का?

लालबागच्या एका घरातला, 1996 च्या संक्रांतीचा फोटो. आठ महिन्यांचं बाळ, अंगात काळं झबलं, गळ्यात आणि हातात हलव्याचे दागिने, आजोबांच्या मांडीवर. आजोबा त्याच वर्षी गेले. दोघांचा एकत्र असा हा एकच धड फोटो, आणि त्यात बाळाच्या तोंडात निळी चोखणी, उजव्या हातात दुधाची रिकामी बाटली. ते बाळ आता लग्नाला उभं राहिलंय. त्याच्या आईला हा फोटो मोठा करून केळवणाच्या दिवशी भिंतीवर लावायचा होता. "आजोबा हसतायत, आणि याचं तोंडच दिसत नाही," एवढंच ती म्हणाली.

प्रिंट चार बाय सहाची होती, खरखरीत पोताच्या कागदावर. त्या काळात असा कागद फार चालायचा. स्कॅन केला की त्या पोताची जाळी चेहऱ्यावर उमटते. म्हणून नेगेटिव्ह मागितल्या, आणि दोन आठवड्यांनी त्या माळ्यावर सापडल्या. नेगेटिव्ह चार हजार डीपीआयला, म्हणजे दर इंचाला चार हजार ठिपके घेऊन, स्कॅन केली. साधारण 5,670 बाय 3,780 पिक्सेल मिळाले, म्हणजे बारा बाय अठरा इंचाच्या प्रिंटला पुरेसे.

त्याच पट्टीवर आधीची फ्रेम होती: तेच बाळ, तीच मांडी, आणि तोंड वासून रडणं. गोष्ट उलगडली. बाळ रडलं म्हणून कुणीतरी तोंडात चोखणी दिली, हातात बाटली दिली आणि फोटो पुन्हा काढला.

रडतानाचे ओठ ताणलेले असतात, त्यामुळे आकार म्हणून ते कामाचे नव्हते. पण त्या फ्रेमने तीन गोष्टी दिल्या. हनुवटीची आणि नाकाखालची खरी त्वचा, ओठांचा खरा रंग, आणि खालचे नुकते उगवलेले दोन दात. आकारासाठी घरच्यांनी तिसरा फोटो दिला, साधारण तीन आठवड्यांनंतरचा, बाळ खिडकीजवळ झोपलेलं आणि ओठ किंचित विलग. तो उजेड एका बाजूने होता, आपल्या फोटोत तर समोरून फ्लॅश. म्हणून त्यातलं काही उचलून चिकटवलं नाही, फक्त ओठांची रेषा गिरवून घेतली.

पहिलं काम रंगाचं. निळ्या प्लास्टिकवर फ्लॅश पडला की आसपासच्या कातडीवर निळसर छटा सांडते. ती हनुवटीवर आणि डाव्या गालाच्या खालच्या भागावर होती. चोखणी काढून ही छटा तशीच ठेवली तर बाळाला सर्दी-कफ झाल्यासारखं दिसतं. कपाळाच्या कडेचा स्वच्छ रंग घेऊन फोटोशॉपमध्ये वेगळ्या थरावर, फक्त रंग बदलणाऱ्या Color मोडमध्ये, अगदी फिका हात फिरवला. चोखणीच्या कडेची खाली पडलेली काळी सावलीही याच टप्प्यावर, पण दुसऱ्या थरावर, काढली. सावली राहून गेली तर ती दाढीसारखी दिसते.

मग हनुवटी. या फोटोत बाळाचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत साडेआठशे पिक्सेलच्या आसपास होता. फोटोतला आकार ढकलून सरकवणारं Liquify वापरून हनुवटी वीस पिक्सेल वर घेतली. प्रत्यक्षात हे जेमतेम तीन मिलिमीटर होतात, पण आईने पहिल्यांदा "हो, हा तो" म्हटलं ते या टप्प्यावर, ओठ नसतानाच.

ओठांच्या आधी कातडी. नाकाखालून वरच्या ओठापर्यंत येणारी पन्हळ रडण्याच्या फ्रेममधून आणली, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते. चोखणीच्या पट्टीला हवेसाठी दोन भोकं असतात. त्यांतून खालची खरी कातडी मटाराच्या दाण्याएवढी दिसत होती. ते दोन ठिपके मी शेवटपर्यंत हलवले नाहीत. आजूबाजूचा रंग त्यांच्याशी जुळतोय का, हे तपासायला त्यांच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नव्हता.

त्यानंतर ओठ. बाळाचं शांत तोंड आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लहान असतं, नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांपेक्षा दोन्हीकडे थोडंसंच पुढे. वरच्या ओठाच्या मध्यावर एक छोटा फुगीर दाणा असतो, तो खालच्या ओठात किंचित रुतल्यासारखा दिसतो. तो विसरला की ओठ मोठ्या माणसाचे वाटतात. ओठाची कड म्हणजे रेघ नाही. आपल्याकडच्या बाळांत ती थोडी तपकिरी असते आणि आत जाताना गुलाबी होते. चेहरा थोडा डावीकडे वळलेला असल्याने लांबच्या बाजूचा अर्धा ओठ जवळच्या अर्ध्यापेक्षा अरुंद ठेवला. दोन ओठांमधली फट काळी केली नाही, गडद लालसर तपकिरी ठेवली. दात दाखवले नाहीत. ते होते हे आम्हाला माहीत होतं, पण तोंड इतकंच उघडं असताना खालचा ओठ त्यांना झाकतो.

शेवटी फिल्मचे कण. नव्याने केलेला भाग गुळगुळीत असतो आणि बाकी चेहऱ्यावर बारीक कण असतात. तेवढेच कण नव्या भागावर घातले नाहीत तर प्रिंटमध्ये ओठांवर मेण लावल्यासारखं दिसतं.

आणि त्या बाटलीचं काय केलं?

बाटली तोंडापेक्षा अवघड. बाटली धरलेली बोटं तिच्याभोवती वळलेली असतात. नुसती बाटली काढली तर हात हवेत काहीतरी पकडून बसलेला दिसतो. म्हणजे हाताला दुसरं काहीतरी करायला द्यावं लागतं, किंवा मूठ मिटावी लागते.

बाळाची मूठ नव्याने काढणं मी शक्यतो टाळते. बाळाची बोटं मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती असतात, सांध्यांवर हाडाच्या उंचवट्यांऐवजी खळ्या असतात, मनगटावर रबर बांधल्यासारखी वळी असते. प्रत्येक बोटाला दोन सांधे, अंगठ्याला एकच, आणि नखं बोट वळेल तशी वळलेली. यातलं एक जरी चुकलं तरी बोटं शेवयांसारखी दिसतात. आणि माणसाची नजर हाताच्या बाबतीत फार निष्ठुर असते.

या फोटोत रडण्याची फ्रेम पुन्हा मदतीला आली. त्यात बाळाने त्याच उजव्या हाताने आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याची कड मुठीत धरली होती. मी आईला विचारलं, हा हात आणू का? हे खोटं नव्हतं, मिनिटभर आधी त्याने खरंच सदरा धरला होता. ती गप्प झाली आणि मग मानेनेच हो म्हणाली.

हात एकटा येत नाही. मुठीतून निघणाऱ्या सदऱ्याच्या चुण्याही सोबत आणाव्या लागल्या, त्या छातीवरच्या गुंड्यांच्या रांगेपर्यंत जुळवाव्या लागल्या. दोन फ्रेममध्ये आजोबा थोडे हलले होते, म्हणून दुसरी गुंडी अर्ध्या सेंटिमीटरने सरकत होती. ती मूळ जागी ठेवली आणि चुणी तिच्यापर्यंत वळवली. हाताचा जोड मनगटावर घेतला, हलव्याच्या कड्याखाली. पांढऱ्या काटेरी दाण्यांच्या रांगेत जोड लपतो, शिवाय कडं दोन्ही फ्रेममध्ये तेच होतं. काळ्या झबल्यावर बाटलीची एक धूसर पांढरी चमक राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी बघितल्यावर सापडली.

या एका फोटोला चार दिवसांत मिळून अकरा तास लागले. त्यातले सहा हाताचे.

ओठ करताच आहात, तर हसरे करून द्या ना?

ही विनंती मी समजू शकते, पण करत नाही. हसू ओठांत नसतं. बाळ हसतं तेव्हा गाल वर चढतात, खालच्या पापणीखाली फुगवटा येतो, नाकाच्या कडा रुंदावतात. चोखणाऱ्या बाळाचे डोळे एकतर गुंगीत असतात नाहीतर टक लावून बघत असतात. त्या डोळ्यांखाली हसरे ओठ ठेवले की चेहरा दोन वेगळ्या क्षणांचा होतो. मूल त्या क्षणी शांत होतं, तर शांतच राहू दे.

खुळखुळा किंवा बाहुली काढायची असेल तर?

काढता येतं, पण मी आधी विचारते की का. खेळण्यामुळे चेहरा झाकला असेल तर काढावं. नुसतं "पसारा वाटतो" म्हणून असेल तर राहू द्या. खुळखुळा धरलेली मूठ खरी असते, आम्ही केलेली मूठ कितीही चांगली झाली तरी केलेली असते.

काम नीट झालंय हे आम्ही कसं ओळखायचं?

फोटो आरशात बघा, किंवा मोबाईलवर उलटा करून बघा. सवयीचा चेहरा उलटला की वाकडेपणा लगेच दिसतो. मग हातभर लांब धरून बघा. आधी नजर ओठांवर जात असेल तर काम अपुरं आहे. आधी डोळ्यांवर जायला हवी. बोटं मोजा, खरोखर मोजा, आणि प्रत्येक बोट कुठल्या हाताचं हे बघा. शेवटी काढलेल्या वस्तूचे मागे राहिलेले तुकडे शोधा. चोखणीची रिबन झबल्याला पिनेने लावलेली असते, बाटलीची सावली मांडीवर पडलेली असते, आणि मागे कपाटाच्या काचेत तीच बाटली दिसत असते.

आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा, काही न सांगता. त्या बाळाला रोज न्हाऊ-माखू घातलेल्या आजीला जे खटकतं ते मला स्क्रीनवर दिसत नाही.

फोटो कसा पाठवायचा?

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन येतो आणि ओठांच्या कडेची बारीक माहिती आधी जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ईमेल करा. कागदी फोटो असेल तर मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, प्रिंटच घेऊन या. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देते. चार बाय सहाची प्रिंट निदान 600 डीपीआयला स्कॅन करते. खरखरीत कागद असेल तर एकदा सरळ, एकदा डोकं खाली येईल असा फिरवून दोनदा करते आणि दोन्ही स्कॅन सरळ करून, एकमेकांवर ठेवून सरासरी काढते. त्याने पोताची जाळी बरीच फिकी होते. सोबत बाळाचे त्या काळातले सगळे फोटो आणा, वाईट वाटणारे आधी.

दुसरा एकही फोटो नाही. मग?

मग आधी आहे तोच फोटो मोठा करून बघते. चोखणी पारदर्शक सिलिकॉनची असेल तर तिच्याआडून ओठ दिसतात आणि त्यावर बरंच उभं करता येतं. अपारदर्शक असेल तर भावंडाचा त्याच वयाचा फोटो आधार म्हणून वापरता येतो, पण तसं केलं तर मी ते सांगते आणि फाईलच्या नावातही लिहिते. उद्या कुणी तो फोटो बघून "अगदी बापाचे ओठ" म्हणायला नको, ते ओठ जर मावसभावाचे असतील. पुष्कळदा मी अशा वेळी वेगळं सुचवते: चोखणी राहू द्या, तिचा भडक रंग उतरवून फिका करू. नजर तिच्यावरून निसटते आणि डोळ्यांवर जाते.

बाळ आता आमच्यात नाही. एकच फोटो आहे आणि त्यात बाटली आहे.

असा फोटो घेऊन येताना आधी फोन करा, म्हणजे दुकानात दुसरं कुणी नसेल अशी वेळ ठरवू. या फोटोत मी अंदाजाने काही करत नाही. जे करता येईल ते आधी कागदावर पेन्सिलने दाखवते. बाटली काढायची की नाही हे त्यानंतर ठरवा, घाई नाही. मूळ फोटो स्वच्छ करून त्याची एक प्रिंट मी तुम्हाला देतेच, पुढचं काम केलं तरी आणि नाही केलं तरी.

पासपोर्टच्या फोटोतली चोखणी काढून द्याल?

नाही. ओळखपत्राच्या फोटोत चेहरा बदलायचा नसतो, आणि ओठ नव्याने करणं म्हणजे चेहरा बदलणंच आहे. पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवा, वरून फोटो काढा, हाताची सावली पडू देऊ नका. पोट भरल्यावर दहा मिनिटांनी बाळ चोखणीशिवाय शांत असतं, ती वेळ धरा.

काम झाल्यावर आम्हाला काय मिळतं?

तीन गोष्टी. न बदललेला मूळ स्कॅन, तयार फोटो, आणि थर वेगळे ठेवलेली फाईल, म्हणजे पुढे कधी चोखणी परत हवी असं वाटलं तर वरचे थर बंद केले की ती आहे तिथेच आहे. लालबागच्या घरी भिंतीवर नवा फोटो लागला, आणि मूळ प्रिंट आईने परत अल्बममध्ये, होती त्याच पानावर, लावली.